सिरिंजचा हायड्रॉलिक हात: आठवीच्या मुलांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंडा तालुक्यात आठवीला विज्ञान शिकवते. चतुर्थीची सुट्टी संपली की विज्ञान प्रदर्शनाची घाई सुरू होते आणि दर वर्षी चार-पाच गट तरी सिरिंजचा हात करायला घेतात. बहुतेक हात दिसायला छान असतात, हलतातही. पण समोर काही ठेवून उचलायला सांगितले की खाली बसतात. म्हणून इथे मी रंगरंगोटीवर काही लिहिलेले नाही. भार उचलतो तो खांद्याचा सांधा, आणि त्याच्याभोवतीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे एकच हात घेतला आहे. खांद्याच्या खिळ्यापासून चिमट्यापर्यंत तो २४ सेंमी लांब आहे, त्याचे स्वतःचे वजन ६० ग्रॅम आहे आणि त्याला १०० ग्रॅमचे वजन उचलायचे आहे.

कोणत्या सिरिंज घ्यायच्या? किती लागतील?

प्रत्येक हालचालीला दोन सिरिंज लागतात. एक तुम्ही अंगठ्याने दाबता, तिला आपण दाबायची सिरिंज म्हणू. दुसरी सांध्यावर बसते, ती सांध्यावरची सिरिंज. तळ फिरवणे, खांदा, कोपर आणि चिमटा अशा चार हालचाली हव्या असतील तर आठ सिरिंज आणि चार नळ्या लागतात. पहिल्यांदाच करत असाल तर तळ फिरवण्याचा भाग सोडून द्या. तीन सांधे नीट चालणारा हात चार सांधे अडखळणाऱ्या हातापेक्षा कितीतरी चांगला.

फार्मसीत १० मिलीच्या सिरिंज मागा आणि सुया नकोत असे आधीच सांगा. सुया पाकिटात आल्याच तर त्या टोपणासकट फार्मसीवाल्याकडे परत द्या, घरच्या कचऱ्यात टाकू नका. वापरलेली सिरिंज कितीही धुतलेली असली तरी घ्यायची नाही. विकत घेताना दोन गोष्टी पाहा. दट्ट्याच्या टोकाला काळे रबर असावे. नुसत्या प्लॅस्टिकचा दट्ट्या लवकर अडकतो. आणि सिरिंजचे टोक साधे, निमुळते असावे. काही सिरिंजच्या टोकाभोवती आट्यांची गोल कड असते, तिच्यामुळे नळी शेवटपर्यंत चढत नाही.

नळी कोणती? सलाईनची चालेल का?

चालेल, पण नवी. तिची आतली पोकळी सिरिंजच्या टोकापेक्षा जरा लहान असते, म्हणून नळीचे टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरून मऊ करा आणि मग चढवा. थंड झाली की ती घट्ट आवळून बसते. माशांच्या टाकीत हवा सोडण्यासाठी वापरतात ती ४ मिमी पोकळीची पारदर्शक नळीही छान बसते. अगदी लुसलुशीत, रबरासारखी ताणणारी नळी मात्र टाळा. दाब आला की ती स्वतःच फुगते आणि तुमचा जोर सांध्यापर्यंत पोचायच्या आधीच संपतो.

नळी हवी तेवढीच लांब ठेवा. ४ मिमी पोकळीच्या अर्धा मीटर नळीत सहा मिलीच्या वर पाणी मावते. म्हणजे एक अख्खी सिरिंज ओतली तरी नळी भरून जेमतेम थोडे उरते. "टीचर, पाणी कुठे गेले?" असे मुले विचारतात, ते नळीत गेलेले असते.

पाणी भरताना बुडबुडे राहतातच. काय करायचे?

हे काम बालदीत करा, टेबलावर नाही. पाणी आधी उकळून थंड करून घ्या. साध्या पाण्यात विरघळलेली हवा असते आणि ती दोन दिवसांनी बारीक बुडबुडे होऊन नळीला चिकटते. उकळल्यावर तिचा बराच भाग निघून जातो. रंग घालायचा असेल तर तो आत्ताच.

नळी पूर्ण पाण्याखाली बुडवा आणि एका टोकाला सिरिंज लावून पाणी ओढत राहा, बुडबुडा येणे थांबेपर्यंत. मग सांध्यावरची सिरिंज थोडी भरा, टोक वर करून उभी धरा आणि नखाने टिचक्या मारा. बुडबुडे वर गोळा झाले की दट्ट्या हळूहळू शून्यापर्यंत आत ढकला. आता ती रिकामी आहे, पण तिच्या टोकात पाणी आहे, हवा नाही. ती पाण्याखालीच नळीला जोडा. दुसरी सिरिंज त्याच पद्धतीने हवा काढून १० मिलीपर्यंत भरा आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला, पुन्हा पाण्याखालीच, जोडा.

इथे एक चूक नेहमी होते: दोन्ही सिरिंज भरून जोडल्या जातात. मग दाबलेले पाणी जाणार कुठे? एक भरलेली असेल तर दुसरी रिकामीच हवी.

जोडून झाल्यावर परीक्षा घ्या. सांध्यावरच्या सिरिंजचा दट्ट्या मित्राला घट्ट धरून ठेवायला सांगा आणि तुम्ही दुसरा जोरात दाबा. तुमचा दट्ट्या दगडावर टेकल्यासारखा थांबला तर काम झाले. तो अर्ध्या मिलीपेक्षा जास्त आत जात असेल आणि सोडल्यावर परत उसळत असेल, तर आत हवा आहे. ती काढायला पुन्हा सगळे सुटे करण्याची गरज नाही. दाबायची सिरिंज सगळ्यात उंच, टोक खाली करून धरा आणि दट्ट्या सावकाश आत-बाहेर करत राहा. बुडबुडे चढत चढत त्या सिरिंजमध्ये येतात. मग ती उलटी करून टोक वर करा, नळी काढा, हवा बाहेर ढकला, पाणी पुरते भरून पुन्हा जोडा.

थोडी हवा राहिली तर एवढे काय बिघडते?

किती बिघडते ते मोजता येते, पण आधी पुढच्या प्रश्नाचे गणित करू या. हवेचा हिशेब त्याच्यानंतर.

आमचा हात रिकामा वर जातो, पण १०० ग्रॅम उचलत नाही. मोठी सिरिंज लावू का?

आधी फूटपट्टी घ्या. खांद्याच्या खिळ्यापासून सांध्यावरच्या सिरिंजची जोडणी किती अंतरावर आहे ते पाहा. आपल्या उदाहरणात ती ४ सेंमीवर आहे आणि हात आडवा आहे, म्हणजे भार सर्वात जड वाटतो त्या स्थितीत.

हा हात म्हणजे तरफ. चिमट्यातले १०० ग्रॅम खिळ्यापासून २४ सेंमीवर आहेत: १०० गुणिले २४, म्हणजे २४००. हाताचे स्वतःचे ६० ग्रॅम त्याच्या मध्यावर, १२ सेंमीवर, धरू: ७२०. दोन्ही मिळून ३१२०. हे सगळे सिरिंजने ४ सेंमीवरून तोलायचे आहे, म्हणून ३१२० भागिले ४. उत्तर येते ७८०. शंभर ग्रॅम उचलायला सिरिंजने ७८० ग्रॅम वजनाएवढा रेटा द्यायला हवा, आणि दट्ट्याचे घर्षण वेगळेच. मुलांना हे फळ्यावर करून दाखवले की काही क्षण वर्गात कोणी बोलत नाही.

आता हे "४ सेंमी" नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक हात हरतात. हे अंतर हातावरून मोजायचे नाही. दट्ट्या ज्या रेषेत ढकलतो ती रेषा पेन्सिलने पुढे वाढवा आणि खिळ्यापासून त्या रेषेवर गुण्याने लंब टाका. त्या लंबाची लांबी खरी. सिरिंज हाताला काटकोनात ढकलत असेल तर ती ४ सेंमी भरते. पण जागा वाचवण्यासाठी सिरिंज खांबाला चिकटवून तिरपी बसवली, की हाच लंब सहज २ सेंमीवर येतो. मग रेटा ७८० च्या दुप्पट, १५६० ग्रॅम लागतो. मागच्या वर्षी एका गटाने सिरिंज बदलल्या, नळी बदलली, दोन आठवडे घालवले. शेवटी सिरिंजचा खालचा टेकू तीन सेंमी पुढे सरकवला आणि हात उठला.

मग जोडणी आणखी पुढे, ८ सेंमीवर नेली तर?

रेटा निम्मा, ३९० ग्रॅम पुरेल. पण हात कमी फिरेल. १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या साधारण पावणेसहा सेंमी बाहेर येतो. ४ सेंमीवर जोडला तर तेवढ्यात हात जवळजवळ ९० अंश फिरतो, ८ सेंमीवर जोडला तर ४० अंशांच्या आसपासच. जोर वाढवला की फेरा घटतो, यातून सुटका नाही. मी ५ सेंमी सुचवते, आणि पट्टीला ४, ५, ६ सेंमीवर तीन भोके आधीच पाडून ठेवा म्हणजे बोल्ट हलवून पाहता येतो. परीक्षकांसमोर हाच बोल्ट हलवून दाखवता आला तर वेगळा तक्ता लिहायची गरज उरत नाही.

आता हवेचा हिशेब सांगा.

सिरिंजच्या आतले क्षेत्रफळ आधी काढू या. त्यासाठी व्यास मोजायची गरज नाही. सिरिंजवर ० ते १० मिलीच्या खुणांमधले अंतर मोजा. माझ्याकडच्या सिरिंजवर ते ५.७ सेंमी आहे. १० मिली म्हणजे १० घन सेंमी, भागिले ५.७, म्हणजे साधारण १.७५ चौरस सेंमी. तुमची सिरिंज थोडी वेगळी असू शकते, स्वतःची मोजा.

७८० ग्रॅमचा रेटा १.७५ चौरस सेंमीवर म्हणजे दर चौरस सेंमीला जवळपास ४४५ ग्रॅम. वातावरणाचा दाब दर चौरस सेंमीला १०३३ ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ४३ टक्क्यांनी वाढला. समजा आत २ मिली हवा राहिली आहे. दाब वाढला की ती आकसून १.४ मिली होते. पाणी आकसत नाही, हवा आकसते. जे ०.६ मिली पाणी दट्ट्याला ढकलायला जायचे होते ते हवेची रिकामी जागा भरायला गेले. त्यामुळे दट्ट्या सुमारे ३.४ मिमी मागे राहतो, आणि हात सहापट लांब असल्याने चिमटा तब्बल २ सेंमी खाली. भार सुटला की तेवढाच वर उसळतो. हात लोंबतो, डुलतो, नेमक्या जागी थांबत नाही, ते एवढ्याशा हवेमुळे.

जमले तर हे मुद्दाम दाखवा. तशीच एक जोडी नुसत्या हवेने भरलेली ठेवा आणि पाहुण्यांना दोन्ही दाबायला द्या. फरक त्यांच्या अंगठ्यालाच कळतो.

लहान सिरिंज दाबली की जोर वाढतो म्हणतात. ५ मिलीची घेऊ?

जोर वाढतो हे खरे. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम. आपल्या ४४५ ग्रॅम दाबासाठी १० मिलीची सिरिंज ७८० ग्रॅमने दाबावी लागते. ५ मिलीचे क्षेत्रफळ साधारण १.२ चौरस सेंमी, म्हणून तिला सुमारे ५३५ ग्रॅम पुरतात. पण तिच्यात पाणीच ५ मिली आहे. सांध्यावरचा १० मिलीचा दट्ट्या निम्माच बाहेर येईल आणि हात अर्ध्यावर थांबेल.

दुसरा धोका असा, की हात कुठे अडकला आणि तुम्ही अंगठ्याने तीन किलोचा जोर दिला, तर लहान सिरिंजमध्ये दाब दर चौरस सेंमीला अडीच किलोवर जातो आणि नळी निघून पाण्याची पिचकारी उडते. अंगठा काही ७८० ग्रॅमला थकत नाही. खांद्याला १०–१० ठेवा. ५ मिलीची जोडी चिमट्याला द्या, तिथे फेरा थोडाच लागतो.

सिरिंज हॉट ग्लूने खांबाला पक्की चिकटवली, तरी हात मध्येच अडकतो. का?

पक्की चिकटवली म्हणूनच. हात खिळ्याभोवती फिरतो, म्हणजे दट्ट्याचे टोक सरळ रेषेत न जाता कमानीत जाते. सिरिंज हलू शकत नसेल तर दट्ट्या वाकतो, रबर एका बाजूला घासते आणि थोड्या वेळाने त्याच बाजूने पाणी झिरपू लागते. सिरिंजची दोन्ही टोके फिरती हवीत. नळकांडे एका लहान पट्टीला दोन केबल टायने बांधा आणि ती पट्टी एका बोल्टवर सैल बसवा. दट्ट्याच्या टोकाशी ३ मिमीचे भोक पाडून तिथेही सैल बोल्ट घाला. भोक पाडताना मोठे माणूस शेजारी असू द्या. नट पूर्ण आवळू नका. दोन नट एकमेकांवर आवळले की सैलही राहते आणि सुटतही नाही.

हात वर जातो, पण ओढल्यावर खाली येत नाही.

ढकलण्याला मर्यादा नळीच्या जोडाची, ओढण्याला मर्यादा वातावरणाची. तुम्ही दट्ट्या ओढता तेव्हा पाणी दुसऱ्या दट्ट्याला खेचत नसते. बाहेरची हवा त्याला आत ढकलते. ते बल दर चौरस सेंमीला एक किलोच्या वर जाऊच शकत नाही, आणि त्याच्या पुष्कळ आधी रबराच्या कडेने हवा आत शिरते. जोरजोरात ओढाओढ केली की दुपारपर्यंत नळीत बुडबुडे दिसतात ते यामुळे. म्हणून सांधा असा रचा की भार उचलायला ढकलणे लागेल आणि परत यायला हाताचे वजन पुरेल. कोपराला किंवा चिमट्याला वजन पुरत नसेल तर रबरबँड लावा.

दट्ट्या धक्क्याधक्क्याने सरकतो. खोबरेल लावले तर?

घरात समोरच असते म्हणून हात तिकडेच जातो, पण नको. तेलाने हे रबर फुगते आणि दोन दिवसांत दट्ट्या आणखी घट्ट होतो. नव्या सिरिंजमध्ये सिलिकॉनचा पातळ थर असतो. पाण्याने तो कमी होत जातो. फार्मसीत मिळणाऱ्या ग्लिसरीनचे दोन थेंब रबराला लावा आणि दट्ट्या चार वेळा आत-बाहेर करा. रबर आधीच फुगले असेल तर सिरिंज बदला, ती पुन्हा नीट चालत नाही.

पुठ्ठ्याचा हात चालेल का?

पावसाळ्यात करत असाल तर मी नको म्हणेन. आपल्याकडच्या दमट हवेत पुठ्ठा चार दिवसांत मऊ पडतो, बोल्टाची भोके मोठी होतात आणि हात बाजूला कलतो. ३ मिमी प्लायवूड किंवा सनबोर्डच्या दोन पट्ट्या समांतर ठेवा आणि मध्ये ठोकळे घाला. तळाला जड फळी हवी. आपला हात २४ सेंमी पुढे जातो, फळी हलकी असेल तर भार उचलताना सगळे मॉडेलच पुढे झुकते.

जेसीबी असाच चालतो का?

मुले हे विचारतातच, आणि डिचोली-सांगेच्या बाजूची मुले तर पोकलेन आणि टिपर पाहतच वाढतात. तत्त्व हेच: बूमच्या खाली तिरपा बसवलेला सिलिंडर, दोन्ही टोके फिरती. मोठ्या यंत्राचा सिलिंडर समोर मिळाला तर त्याच्या दोन्ही टोकांच्या पिना पाहा, तुमचे दोन सैल बोल्ट म्हणजे त्याच.

फरक दोन. तिथे पाण्याऐवजी तेल असते, कारण लोखंडाला पाण्याने गंज चढतो आणि तेल फिरत्या भागांना वंगणही देते. आणि तिथे दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना तेल सोडता येते, म्हणून यंत्र ढकलते तसेच ओढतेही. सिलिंडरला जाणारे पाईप मोजा, दोन दिसतील. आपल्या सिरिंजला एकच नळी आहे, म्हणून आपल्याला रबरबँड लागतो. परीक्षकांनी "तुमच्या मॉडेलची मर्यादा काय?" असे विचारले तर हे उत्तर द्या.

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री काय करून ठेवायचे?

हात खाली टेकवून ठेवा. एकदा आम्ही वर उचललेल्या स्थितीत, वजनासकट, हात टेबलावर ठेवून घरी गेलो. रात्रभर दाब राहिल्याने एका जोडातून नळी सुटली आणि सकाळी तांबडे पाणी तक्त्यावरून खाली आले होते. मुलींनी तासाभरात नवी नळी भरली, पण तक्ता गेला. त्यानंतर प्रत्येक जोडावर बारीक केबल टाय आवळतो आणि रात्री चिमट्यात वजन ठेवत नाही. सोबत एक भरलेली, दोन्ही सिरिंज लावलेली जादा जोडी डब्यात ठेवा. सकाळी खांद्याचा दट्ट्या धरून परीक्षा घ्या. अर्ध्या मिलीच्या वर गेला तर पाहुणे यायच्या आधी तेवढी हवा काढायला वेळ असतो.